‘तू पूर्वीसारखी राहिली नाहीस’: तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

जोडीदार म्हणतो, तू बदललीस, तुला आता माझं काही वाटत नाही. त्यावर तुमचं पहिलं वाक्य काय होतं आणि त्यानंतर काय झालं, ते लिहा.

देवगडची बागवाली
ऐन हापूसच्या हंगामात नवरा हे बोलला. मी पेटीत पेंढा घालत होते. ‘किती कामं असतात मला!’ हे तोंडावर आलं होतं, पण त्यावर तो स्वतःची कामं मोजून दाखवणार, हे ठाऊक होतं. म्हणून विचारलं, ‘तुला कधी जाणवलं? एक प्रसंग सांग.’ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘वाशीच्या बाजारातून विक्रीची पट्टी आली, भाव पडलेला. मी ओट्यावर बसून होतो. तू बघितलंस आणि आत गेलीस.’ मला वाटलं होतं, त्याला एकटं राहू द्यावं. माझ्या वडिलांना तसंच आवडायचं. तेच त्याला सांगितलं. ‘बदललीस’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ओट्याला होतं. आता पट्टी आली की मी शेजारी बसते. नको असेल तर तो ‘नंतर’ म्हणतो.

हर्णैचा खलाशी
आमचं भांडण मासेमारीच्या बंदीतच होतं, 1 जून ते 31 जुलै, मी घरी असतो तेव्हा. मी गप्प राहतो. डोकं तापलेलं असताना बोलू नये. दोन दिवसांत निवळतं.

देवगडची बागवाली
दादा, तापल्यावर थांबणं बरोबर. पण काहीच न सांगता गप्प राहिलात तर ‘थंड झालास’ याचा पुरावाच तिच्या हाती. ‘रात्री जेवल्यावर बोलू’ एवढं तरी सांगा आणि रात्री विषय तुम्हीच काढा.

वेंगुर्ल्याची आई
माझो झील लग्न झाल्यावर बदल्लो. मुंबयसून फोनच करणा नाय. ह्याचा काय करूचा?

चिपळूणची नर्स
काकी, इथे नवरा-बायकोचं चाललंय, पण तुम्हीही त्याला एखादा प्रसंगच सांगून बघा.
बाकीच्यांसाठी: आधी स्वतःला विचारा, मी फक्त याच्याशी अशी वागते की सगळ्यांशीच? मैत्रीण, गाणी, जेवण, कशातच मन नसेल तर गोष्ट नात्यापुरती नसेल. बाळंतपणानंतरचं नैराश्य किंवा थायरॉइड असू शकतं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छाही कमी होते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि जोडीदाराला उघड सांगा, ‘बदल झालाय, पण तुझ्यामुळे नाही.’ अर्थात फक्त त्याच्याशीच मन उडालं असेल, तर तपासणीत काही सापडणार नाही.

गुहागर, नाव नको
मी बचत गटात जायला लागल्यापासून हे ऐकते. प्रसंग विचारला. म्हणाला, फोन उचलला नाहीस. उचलायला लागले. मग, कोणाशी हसत होतीस? मग फोनचा पासवर्ड. दिला. तरी बदललेलीच.

चिपळूणची नर्स
ताई, बागवालीने विचारलं ते तिथे चाललं, कारण उत्तर मिळाल्यावर नवरा थांबला. तुमच्याकडे प्रत्येक उत्तरानंतर नवी अट येते. यापुढे खुलासे देऊ नका. माहेरच्या एका माणसाला सगळं सांगून ठेवा, 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे.

गुहागर, नाव नको
बहिणीला सांगितलंय. गटाची बैठक सोडायची नाही, एवढं ठरवलंय. पुढचं अजून कळत नाही.