‘स्पीक स्लो’ला गुण कापायचे की नाही?

म्हापशाहून : आठवीच्या वह्यांत ‘प्लीज स्पीक स्लो’ आणि ‘शी सिंग्ज रिअल गुड’ अशी वाक्यं येतात. दोन्हींना सारखाच अर्धा गुण कापू का? शाळेतले एक सर म्हणतात, ‘स्लो’ चालतं.

फोंड्याचे सर : कापा. क्रियापदाची रीत सांगायची तर शेवटी ‘ली’ लागलाच पाहिजे. पोरांना एकच नियम द्यावा.

मडगावच्या बाई : सर, त्या एका नियमामुळेच पुढे ‘रन फास्टली’ येतं. ‘ही वर्क्स हार्डली’ तर त्याहून वाईट, त्याचा अर्थ होतो तो जेमतेमच काम करतो.

‘स्लो’ हे क्रियाविशेषण म्हणून जुनंच आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक स्वर जोडत, तो पुढे गळाला आणि दोन्ही रूपं एकच झाली. घाटातल्या पाटीवरचं ‘गो स्लो’ त्याच घराण्यातलं. पण ते क्रियापदानंतरच शोभतं. ‘ही स्लो ओपन्ड द डोअर’ कुठेच चालत नाही. म्हणून ‘स्पीक स्लो’खाली रेघ मारून ‘स्लोली’ सुचवा, गुण राहू द्या.

दुसऱ्या वाक्यात मात्र दोन गोष्टी आहेत. ‘गुड’च्या आधी ‘रिअल’ हे अमेरिकन बोलण्यात सर्रास येतं, निबंधात ‘रिअली’ हवं. ‘सिंग्ज गुड’ ही खरी चूक, तिथे ‘वेल’ पाहिजे. ती येते आपल्याच भाषेतून. तो चांगला गातो, ती चांगली गाते. शब्द सांगतो गाण्याबद्दल, पण बदलतो गाणाऱ्याप्रमाणे. पोराला ते विशेषणच वाटणार!

पेडण्याहून : आमचा धाकटा भराभर वाचतो, शब्द गिळतो. त्याला स्लो बोलायला कसं शिकवायचं?

मडगावच्या बाई : तो उच्चाराचा प्रश्न, इथे लिहिण्याचं चाललंय.

फोंड्याचे सर : ‘फास्ट’, ‘हार्ड’ हे अपवाद मान्य. पण मग ‘द करी टेस्ट्स नाइसली’ का चूक, हे पोराला कसं समजावणार?

मडगावच्या बाई : क्रियापद काढून ‘इज’ ठेवायला सांगा. ‘द करी इज नाइस’, अर्थ तोच राहिला, म्हणजे विशेषण हवं : ‘टेस्ट्स नाइस’. ‘शी सिंग्ज गुड’चं ‘शी इज गुड’ केलं, तर गाणं गेलं आणि मुलगीच गुणी ठरली, म्हणजे ‘वेल’ हवं. ‘लुक’ला जपून. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’ म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं.

फोंड्याचे सर : ‘इज’ची युक्ती घेतो. पण पत्रलेखनात ‘स्पीक स्लो’ला मी पूर्ण गुण देणार नाही. प्राचार्यांना लिहिलेल्या अर्जात घाटातली पाटी कशाला?

म्हापशाहून : आणि अर्ज नसून संवादलेखन असेल तर?