कारगिलला खरं दुखणं कुठलं, रडार नव्हतं ते की टोलोलिंगवर बसलेला त्यांचा ओपी?

माजिवडेकर
परवा ठाण्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते म्हणाले की 1999 ला आपल्याकडे शत्रूच्या तोफा शोधणारं रडार नव्हतं म्हणून आपली माणसं जास्त गेली, आणि दहा मिनिटांनी तेच म्हणाले की द्रासवरचं टोलोलिंग शिखर घेतल्यावर चित्र पालटलं. मग नेमकं काय खरं? ओपी म्हणजे डोंगरावर बसून तोफांना फायर सांगणारा एक माणूस, तो एवढा महत्त्वाचा असतो का, आणि आता ड्रोन आल्यावर त्याची गरज उरलीय का? काउंटर बॅटरी एवढी गरजेची का झाली तेही सांगा. मतं येऊ द्या.

ऐरोलीकर_आयटी
रडारच. यात चर्चा करण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. गोळा हवेत असतानाच रडार त्याचा मार्ग दोन-चार ठिकाणी पकडतं, त्यावरून मागे हिशोब लावून तोफ कुठे आहे ते सांगतं आणि हे सगळं गोळा खाली पडायच्या आत होतं. पाकिस्तानकडे अमेरिकन टीपीक्यू-36 रडार होती, आपल्याकडे लांबच्या तोफा शोधणारं काहीच नव्हतं. नंतर आपण टीपीक्यू-37 घेतली, मग बेंगळुरूला आपलं स्वाती रडार बनवलं, ते उगाच का? आणि ओपीचं म्हणाल तर युक्रेनमध्ये बघा, एक ड्रोन वर गेला की बटालियनभर माणसं टेकडीवर चढवायची गरज नाही. दुर्बीण घेऊन बसणारा माणूस हे मागच्या शतकातलं काम झालं.

कोपरखैरणे_वैशाली
माझे मामा तेव्हा श्रीनगर-लेह रस्त्यावर मालाचा ट्रक चालवायचे. ते सांगतात द्रासच्या पट्ट्यात दिवसा गाडी काढायची सोयच नव्हती, रात्री हेडलाईट बंद करून पुढच्या गाडीच्या मागे मागे जायचं, आणि कोणी चुकून ब्रेक दाबला आणि मागचा लाल दिवा लागला की सगळे शिव्या घालायचे. वर कोणीतरी बसून बघतोय हे ड्रायव्हर लोकांनासुद्धा माहीत होतं. मला रडारचं काही कळत नाही, पण एक विचारते, काउंटर बॅटरी म्हणजे इस्रायल रॉकेट हवेतच फोडतं तसंच ना? मग ते रस्त्यावर लावलं असतं तर मामांसारख्यांचे हाल वाचले नसते का?

खारघरचा_गनर
वैशालीताई, नाही, ते वेगळं. काउंटर बॅटरीत आलेला गोळा कोणी अडवत नाही, तो पडतोच. ज्या तोफेने तो टाकला ती शोधून तिच्यावर आपला फायर टाकायचा, म्हणजे पुढचा गोळा येणार नाही. पण मामांनी जे सांगितलंय ना त्यातच धागाकर्त्याचं अर्धं उत्तर आहे. लाल दिवा लागल्यावर भीती तोफेची नव्हती, तोफ डोंगरापलीकडे बारा-पंधरा किलोमीटरवर, तिला काय दिसणार? भीती होती ती वर बसलेल्या माणसाची.

मी देवळालीला शिकलो आणि पुढे बरीच वर्षं ओपीचं काम केलं (कारगिलला मी नव्हतो, माझे सीनियर होते), म्हणून हे काम कसं चालतं ते नीट सांगतो.

समजा मी एका कड्यावर आहे आणि समोर तीन किलोमीटरवर शत्रूचा संगर, म्हणजे दगड रचून केलेला मोर्चा आहे. मी मागे गन पोझिशनला टार्गेटचा नकाशावरचा ग्रिड देतो, माझ्याकडून ते कुठल्या दिशेला आहे ते देतो आणि तिथे काय आहे ते सांगतो. मग तोफांची सगळी बॅटरी नाही, एकच तोफ एक गोळा टाकते. तो पडायच्या पाच सेकंद आधी रेडिओवर इशारा येतो, तेव्हा डोळा दुर्बिणीला असलाच पाहिजे कारण धूर काही क्षणच नीट दिसतो. आता गोळा उजवीकडे पडला. दुर्बिणीतल्या रेघांवर तो 20 मिल उजवीकडे दिसतोय, मिल हे कोनाचं माप, एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर, अंतर तीन किलोमीटर, म्हणजे 60 मीटर डावीकडे घ्यायचं. हे सोपं, मोजून मिळतं. अवघड असतं ते पुढे-मागे. लांबून बघताना गोळा टार्गेटच्या शंभर मीटर पलीकडे पडला की तीनशे, हे कुठल्याही डोळ्याला सांगता येत नाही, फक्त पलीकडे की अलीकडे एवढंच कळतं. म्हणून मी अंदाज करतच नाही. पलीकडे पडला तर 400 कमी करा सांगतो. आता अलीकडे पडला, म्हणजे टार्गेट या दोघांच्या मध्ये नक्की आहे. मग 200 वाढवा, पलीकडे गेला तर 100 कमी, पुन्हा अलीकडे आला तर 50 वाढवा आणि त्याच सुधारणेवर अख्ख्या बॅटरीचा फायर मागवायचा. चार गोळ्यांत लपलेला माणूस सापडतो.

आता हेच द्रासला करून बघा. संगर धारेवर आहे. गोळा पलीकडे गेला तर तो धारेमागच्या दरीत खोल पडतो, मला धूरच दिसत नाही. मग तो पलीकडे गेला की फुटलाच नाही की माझ्याच खालच्या घळीत पडला, काही कळत नाही. अशा वेळी मुद्दाम अलीकडून, दिसणाऱ्या उतारावरून थोडं थोडं वर सरकवत न्यावं लागतं, त्यात वेळ जातो आणि शत्रू सावध होतो. त्यात उंचीवर हवा विरळ, गोळा मैदानी हिशोबापेक्षा लांब जातो. वरून बघणाऱ्याला हा त्रास कमी, आणि वर तेव्हा ते बसले होते. टोलोलिंगवरून द्रास आणि हायवे समोर पसरलेला दिसतो. 13 जूनला 2 राजपुताना रायफल्सने ते घेतलं तेव्हा पलीकडच्या तोफा जागच्या हलल्या नाहीत, पण त्या बाजूने बघणारा डोळा गेला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, काउंटर बॅटरीची पहिली पायरी म्हणजे शत्रूचा ओपी काढणं. रडार दुसरी.

ऐरोलीकर_आयटी
काका, समजावलंत छान, पण यातून तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही. टोलोलिंग पायदळाने चढून घ्यायला किती दिवस गेले आणि किती जीव गेले? रडार असतं तर त्या तोफा पहिल्याच आठवड्यात गप्प केल्या असत्या आणि वरचा ओपी नुसता बघत बसला असता. डोळा फोडायचा की हात तोडायचा, दोन्हीने माणूस लढायचा थांबतो, पण हात रडारने घरबसल्या तोडता येतो.

खारघरचा_गनर
घरबसल्या नाही हो दादा, डोंगरात तर नाहीच. रडारला गोळा दिसतो तो मधली धार ओलांडून वर आल्यावर. म्हणजे मार्गाचा खालचा भाग त्याला कधीच दिसत नाही, तो हिशोबाने मागे ओढावा लागतो आणि ती रेघ जमिनीला कुठे टेकते यासाठी तिथली जमीन किती उंचीवर आहे हे आधी माहीत पाहिजे. मैदानात हा प्रश्न नाही. पण डोंगरात समजा उंची 300 मीटरने चुकीची धरली आणि गोळा 45 अंशात चढत होता, तर तोफेची जागा सरळ 300 मीटरने चुकली. म्हणजे तुमचा फायर रिकाम्या नाल्यात. तोफ जास्त उभी करून मारली असेल, साठ अंश वगैरे, तर चूक पावणेदोनशेवर येते, तरी ती चूकच. ही चूक कळते कशी? तर फायर टाकल्यावरही त्या बाजूने गोळे तसेच येत राहतात, किंवा कोणीतरी डोळ्याने बघून सांगतो. पुन्हा तोच बघणारा माणूस! नकाशे चांगले असले, उंची बरोबर भरली, तर रडार उत्तम काम करतं, मी त्याच्या विरोधात नाही. ते हवं होतं, तेव्हाच हवं होतं, याबद्दल आमच्यात कोणाचं दुमत नाही.

नौपाडा_गणितवाल्या
रडारच्या आधीही हे चालायचं, त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग, ज्यांना 1915 साली पंचविसाव्या वर्षी नोबेल मिळालं तेच, शत्रूच्या तोफा आवाजावरून शोधायच्या कामावर होते. आघाडीमागे ओळीने मायक्रोफोन ठेवायचे, तोफेचा आवाज प्रत्येकाकडे थोड्या वेगळ्या वेळी पोचतो, दोन मायक्रोफोनमधल्या वेळेच्या फरकावरून तोफ एका वक्र रेषेवर कुठेतरी आहे एवढं कळतं, दुसऱ्या जोडीची दुसरी वक्र रेषा काढली की दोन्ही छेदतात तिथे तोफ.

कागदावर हे बारावीचं गणित आहे, पण अडचण अशी होती की वेगवान गोळा येताना स्वतःच फटाक्यासारखा कडाड् आवाज करतो आणि साध्या मायक्रोफोनला तोच ऐकू जातो, तोफेचा खरा आवाज फार खालचा, कानाला नीट कळतच नाही. ब्रॅग यांच्याबरोबर टकर म्हणून होते, त्यांच्या बिछान्याजवळच्या भिंतीला भोकं होती, तोफ उडाली की त्यातून गार हवेची झुळूक तोंडावर यायची. त्यावरून त्यांनी डब्याच्या भोकात तापवलेली बारीक तार बसवली. तोफेच्या दाबाने झुळूक आली की तार गार होते आणि नोंद उमटते, गोळ्याचा कडाड् तिला जाणवतच नाही. 8 ऑगस्ट 1918 ला आमियांची लढाई सुरू झाली तेव्हा जर्मनांच्या 530 पैकी 504 तोफांची जागा ब्रिटिशांना आधीच माहीत होती. जर्मन तोफखाना बऱ्याच ठिकाणी उठायच्या आतच दबला आणि पायदळ पुढे गेलं. म्हणजे ऐरोलीकर म्हणतात तसं डोळ्याविना हात तोडणं शक्य आहे, हे शंभर वर्षांपूर्वी झालंय. पण वारा उलटा असला की हेच यंत्र निकामी व्हायचं, हेही खरं.

ऐरोलीकर_आयटी
धन्यवाद ताई, हेच म्हणतोय मी. आणि आता तर रडार आणि ड्रोन दोन्ही आहे.

वाशी_सेक्टर१७
दोन्ही आहे म्हणूनच प्रश्न वाढलाय. मी युक्रेनचं रोज बघतो त्यावरून सांगतो. रडार चालू केलं की ते स्वतः लहरी सोडतं, म्हणजे शत्रूला सांगतं मी इथे आहे, आणि रशियन लॅन्सेट ड्रोन असल्या रडारवर आणि ओढून न्यायच्या एम777 तोफांवर सतत मारा करतात. म्हणून रडार थोडा वेळच चालू ठेवायचं, मग हलवायचं. तोफेचंही तेच. हिशोब बघा, वीस किलोमीटरवरून गोळा पोचायला मिनिटभराच्या आसपास लागतो, तेवढ्यात समोरच्याने जागा काढली, त्याच्या तोफा तयार असतील तर त्यांचा गोळा परत यायला अजून एक मिनिट. म्हणजे पहिला गोळा टाकल्यापासून तीन-चार मिनिटांत जागा सोडली नाही तर संपलं. फ्रेंच सीझरसारखी ट्रकवरची तोफ एवढ्या वेळात निघून जाते, ओढून न्यायची तोफ जात नाही. काउंटर बॅटरी गरजेची का झाली याचं उत्तर इथेच आहे, ज्याच्याकडे ती आहे त्याच्यासमोर एका जागी उभं राहून मारा करताच येत नाही, त्यामुळे पायदळाला मिळणारा फायर आपोआप आटतो. तोफ फुटली नाही तरी.

खारघरचा_गनर
हे एकदम बरोबर बोललात. बोफोर्स तीन गोळे साधारण 13 सेकंदांत टाकते आणि स्वतःच्या इंजिनावर थोडी सरकते, ते याचसाठी. पण द्रासला सरकणार कुठे? दरीत सपाट जागा मोजक्या, त्याही रस्त्याला लागून आणि वरून दिसणाऱ्या. म्हणून म्हणतो, त्या जागी वरचा डोळा काढल्याशिवाय सुटका नव्हती.

ड्रोनबद्दल एवढंच की तो ओपीचंच काम करतो, वरून बघतो म्हणून पलीकडचा उतारही दिसतो, ही फार मोठी सोय आहे. पण बर्फाचं वारं सुटलं, ढग खाली आले किंवा जॅमिंग झालं की स्क्रीन काळी होते. त्या वेळी पायदळाच्या कंपनीबरोबर चढलेला ओपी ऑफिसर तिथेच असतो आणि आपली माणसं किती मीटरवर आहेत हे त्याला डोळ्याने दिसत असतं. आपल्याच जवानांच्या पुढे दोनशे मीटरवर गोळा मागायचा तर मला तरी स्क्रीनवरचा माणूस चालणार नाही.

ऐरोलीकर_आयटी
जॅमिंगला आता फायबरच्या तारेवर चालणारे ड्रोन आलेत काका, तो मुद्दा फार दिवस टिकायचा नाही. हवामानाचं मान्य. पण रडार दुसरी पायरी हे मला अजूनही पटलेलं नाही.

माजिवडेकर
बरीच माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. गनर काका, एक राहिलं, टोलोलिंगनंतरही टायगर हिल त्यांच्याकडेच होतं ना 4 जुलैपर्यंत, आणि तिथूनही रस्ता दिसतो. मग डोळा अर्धाच गेला म्हणायचं का?

खारघरचा_गनर
हो, अर्धाच. म्हणून तर टायगर हिल एवढं टोचत होतं. तिथे बोफोर्स समोरून थेट नेम धरून वापरल्या, ते वेगळंच प्रकरण आहे, उद्या सवडीने लिहितो.