मदत हवी आहे: एक मिनिटाच्या डेटातील गाळलेले बार, चुकीचे टिक आणि वेळेचा घोळ बॅकटेस्टपूर्वी कसा निस्तरावा?

कृष्णाकाठ:

नमस्कार. एनएसईवरील एका मिडकॅप शेअरवर मी ओपनिंग रेंज ब्रेकआउट तपासत आहे. सकाळी 9:15 ते 9:30 या पंधरा मिनिटांतील उच्चांक मोडला आणि त्याच मिनिटाला निफ्टीही वर जात असेल तर खरेदी, उलट घडल्यास विक्री, असा साधा नियम आहे. डेटा 2019 ते 2024 या काळाचा असून तो विकत घेतलेला आहे. निकाल इतके चांगले येत आहेत की माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही, म्हणून मी आधी डेटाच उघडून पाहिला.

निफ्टीच्या फाइलमध्ये बहुतेक दिवशी 375 बार आहेत. शेअरच्या फाइलमध्ये मात्र कधी 361, कधी 370 असे बार सापडतात. जुन्या भागात दिवस 9:16 ला सुरू होतो. 9:15 च्या मिनिटाला व्यवहारच झाला नसेल, असे मी समजत होतो. नव्या भागातील वेळा 03:45 पासून सुरू होतात, त्यांत मी साडेपाच तास मिळवले. एका दिवशी 13:07 च्या बारमध्ये ओपन 612.40, हाय 613, लो 61.25 आणि क्लोज 612.10 आहे. यांपैकी काय भरावे, काय काढावे आणि कशाला हात लावू नये, हे मला ठरवता येत नाही.

आकडेमोड:

एवढे अवघड काही नाही. प्रत्येक बारचा परतावा काढा आणि सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या पलीकडे जाणारे बार काढून टाका. रिकाम्या जागा मागच्या क्लोजने भरा. मी सर्वत्र असेच करतो.

ठाणेकर_वैशाली:

आकडेमोड, मागच्या क्लोजने भरणे योग्य आहे, पण तीन विचलनांची चाळणी इथे घातक ठरेल. ज्या सकाळी निकालांमुळे शेअर खरोखर सहा टक्के खाली उघडतो, तो पहिला बार तुमची चाळणी फेकून देईल, आणि कृष्णाकाठ यांची सगळी पद्धत त्याच पंधरा मिनिटांवर उभी आहे. 5 ऑक्टोबर 2012 रोजी निफ्टी काही क्षणांत 4888 पर्यंत कोसळला होता. कोणतीही सांख्यिकी चाळणी त्याला चुकीचा टिक म्हणेल, पण ते व्यवहार खरे होते.

त्यामुळे पहिला साक्षीदार भावकॉपी असावा. मिनिटाचा कोणताही लो त्या दिवशीच्या भावकॉपीतील लोपेक्षा खाली किंवा हाय तिच्यातील हायपेक्षा वर असू शकत नाही. दिवसाचा लो 604.20 असेल तर 61.25 निश्चित चूक आहे. बहुधा दशांश चिन्ह एक घर सरकले आहे. तो बार काढू नका. त्याचा लो ओपन आणि क्लोज यांतील लहान आकड्याइतका, म्हणजे 612.10 करा, व्हॉल्यूम तसाच ठेवा आणि दुरुस्तीची खूण वेगळ्या रकान्यात करा. तुमच्या नियमात विक्रीचे टार्गेट एखादा टक्का खाली असेल, तर त्या एका लोमुळे कधीही न झालेला नफा नोंदला गेला असणार.

क्लोज मात्र भावकॉपीशी जुळवू नका. एनएसईचा क्लोज हा शेवटच्या अर्ध्या तासातील व्यवहारांची भारित सरासरी असतो, त्यामुळे 15:29 च्या बारशी तो सहसा जुळत नाही आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो. तुलना शेवटच्या व्यवहाराच्या भावाशी करावी.

आपली फाइल मूळ भावांत आहे की स्प्लिट-बोनसनुसार बदललेली आहे, हे आधी पाहा. भावकॉपी मूळ भावातच असते.

चांदीवाला_अकोला:

माझ्याकडे एमसीएक्स चांदीच्या डेटात हाच प्रकार होता. उन्हाळ्यात दिवस 23:30 ला संपतो आणि हिवाळ्यात 23:55 ला, कारण अमेरिकेची घड्याळे बदलतात. मी वर्षभर ते पंचवीस बार गाळलेले समजून भरत होतो. तुमचेही बार त्यामुळेच कमी असणार.

ठाणेकर_वैशाली:

दादा, तुमची गोष्ट खरी आहे, पण शेअर बाजाराचे सत्र अमेरिकेच्या घड्याळाने बदलत नाही. डेटा मध्येच न्यूयॉर्कच्या वेळेत नेऊन ठराविक तासांनी परत आणला असता, तर मार्च ते नोव्हेंबर पहिला बार एक तास सरकलेला दिसला असता. इथे तसे नाही.

कृष्णाकाठ, मला तुमच्या 9:16 ची चिंता वाटते. जुन्या भागात बारवर मिनिट संपल्याची वेळ लिहिलेली असावी आणि निफ्टीच्या फाइलमध्ये मिनिट सुरू झाल्याची. तसे असेल तर शेअरचा 9:31 चा बार 9:30 ते 9:31 या मिनिटाचा आणि निफ्टीचा 9:31 चा बार त्यापुढच्या मिनिटाचा आहे. वेळेवरून दोन्ही जोडल्यावर तुमच्या नियमाला निफ्टीचे पुढचे मिनिट आधीच दिसते. जुन्या भागात 15:30 चा बार आहे का, तेही पाहा. त्यानंतर प्रत्येक दिवसाचा पहिला परतावा वगळून हे चालवा:

```python
s = df["stock"].groupby(df.index.date).pct_change()
n = df["nifty"].groupby(df.index.date).pct_change()
for k in range(-2, 3):
    print(k, s.corr(n.shift(k)))
```

सर्वांत मोठा आकडा 0 वर यायला हवा. तो 1 वर आला तर संशय पक्का धरा. मात्र कमी व्यवहार होणारा शेअर मुळातच निर्देशांकाच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे हा आकडा पहिल्या आणि शेवटच्या बारच्या वेळेसोबतच वाचावा.

गाळलेल्या बारांसाठी निफ्टीची फाइल पाहा. निर्देशांक सत्रभर सतत मोजला जातो, म्हणून त्याचाही बार नसेल तर बहुधा फीड तुटली होती. फक्त शेअरचा बार नसेल तर दिवसभराच्या मिनिटांच्या व्हॉल्यूमची बेरीज भावकॉपीशी ताडून पाहा. प्री-ओपनमध्ये जुळलेले शेअर तुमच्या फाइलमध्ये नसू शकतात, तेवढा थोडा फरक चालेल. बेरीज जुळली तर त्या मिनिटाला व्यवहारच नव्हता. तिथे चारही भाव मागच्या क्लोजइतके आणि व्हॉल्यूम शून्य ठेवा, पण त्या बारवर ऑर्डर पूर्ण झाल्याचे धरू नका. फीड तुटलेली असेल तर काहीही न भरता तो दिवसच वगळा. आदल्या दिवशीचा भाव दुसऱ्या दिवशी ओढू नका.

कृष्णाकाठ:

वैशालीताई, आपला अंदाज बरोबर निघाला. जुन्या भागात 0 वर 0.09 आणि 1 वर 0.46 आले, नव्या भागात मोठा आकडा 0 वर आहे. 15:30 चा बारही होता. मीच 15:30 पूर्वीचे बार ठेवा अशी अट घातल्यामुळे तो रोज गळत होता. जुन्या भागाच्या वेळा एक मिनिट मागे घेतल्यावर तेथील सरासरी नफा निम्म्याहून खाली आला, आणि 13:07 च्या दुरुस्तीने एक मोठा सौदा पूर्ण नाहीसा झाला.

त्याच अटीने 24 फेब्रुवारी 2021 चा दिवसही बिघडवला आहे. त्या दिवशी एनएसईचे व्यवहार 11:40 ला थांबले आणि 15:45 ते 17:00 पुन्हा झाले. माझ्या फाइलमध्ये दुपारचे बार गेल्यामुळे सौदा दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडा राहिला.

आकडेमोड:

त्या वेळी बीएसई सुरू होते. तिथले भाव घेऊन मधली जागा भरता येईल.

ठाणेकर_वैशाली:

भाव मिळेल, पण एनएसईवरील ऑर्डर त्या भावाला पूर्ण झाली नसती, म्हणून मी भरणार नाही. दिवस ठेवायचा असेल तर सत्रांचे कॅलेंडर वेगळे ठेवून 17:00 ला बाहेर पडा. 2 मार्च 2024 च्या शनिवारी 9:15 ते 10:00 आणि 11:30 ते 12:30 अशी दोनच सत्रे होती. तिथे 105 बार बरोबर आहेत, 375 शोधू नका. थांबलेल्या बाजारात अडकण्याची जोखीम मोजायची असल्यास 24 फेब्रुवारी ठेवणे अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे. अनेकजण तो वगळतात.

कृष्णाकाठ:

मी तो ठेवतो. आता एकच शंका उरली आहे. दिवसाच्या हाय-लोच्या आतच पडलेला चुकीचा टिक भावकॉपीने कळत नाही. असे सात-आठ बार आहेत, ज्यांत भाव एका मिनिटात दोन टक्के जाऊन परत येतो.

ठाणेकर_वैशाली:

त्यासाठी दुसऱ्या पुरवठादाराचा त्याच दिवसांचा डेटा लागेल. एकाच फाइलवरून खात्री होणार नाही. तोपर्यंत ते बार जसेच्या तसे ठेवून एकदा आणि टोके छाटून एकदा, अशी चाचणी दोनदा चालवा आणि दोन्ही निकाल इथे द्या.