कॉम्प्रेसरचा बिघाड पकडायला आयसोलेशन फॉरेस्ट की साधी सांख्यिकी?

कळमना_कोल्ड: आमच्याकडे संत्रा आन मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे, फेब्रुवारी ते जुलै दर 5 मिनिटाला रीडिंग घेतलंय: खोलीचं तापमान, कॉम्प्रेसरचा करंट, सक्शन प्रेशर, बाहेरचं तापमान. एकूण 51,840 ओळी. रजिस्टरमधे पक्के बिघाड दोनच, एप्रिलमधे कंडेन्सरचा पंखा जळला आणि जूनमधे गॅस लीक झाला जो 9 दिवस कोणाच्या लक्षातच आला नाही. आयसोलेशन फॉरेस्ट, म्हणजे विरळ ओळी वेगळ्या पाडणारं मॉडेल, 0.01 कन्टॅमिनेशनवर, म्हणजे सगळ्यात विरळ 1 टक्का ओळींना अलार्म देत चालवलं तर 518 अलार्म आले, त्यातले बहुतेक मे महिन्यातल्या दुपारचे. पंखा सापडला, लीक नाही. आमचे मालक म्हणून राहिले की हे सोडा, सरळ 3 सिग्मा लावा, आकडा सरासरीपासून तीन सिग्माच्या पलीकडे गेला की अलार्म. कोणाचं बरोबर?

डेटावाला_पोट्टा: भाऊ कन्टॅमिनेशन 0.05 कर ना, कमी ठेवलंय म्हणून लीक सुटला. नाहीतर लीकच्या त्या सगळ्या ओळींना लेबल देऊन XGBoost लाव, लेबल कमी पडली तर SMOTE ने वाढव.

धरमपेठकर: कन्टॅमिनेशन बदलल्यानं मॉडेल काही नवीन शिकत नाही रे. झाडं तीच, स्कोअर तोच, फक्त रेघ खाली सरकते. 0.05 केलं की 518 च्या जागी 2592 अलार्म येतील, आणि लीकच्या ओळी रांगेत दहा हजाराव्या नंबरवर असतील तर तेव्हाही येणार नाहीत. म्हणून आधी रांगेतला नंबर बघा, अलार्म नंतर:

```python
s = -m.score_samples(X)
df["rank"] = s.argsort()[::-1].argsort()
print(df.loc[leak, "rank"].describe())
```

आता लीक का सुटला ते. 9 दिवस म्हणजे 9 गुणिले 288, म्हणजे 2592 ओळी, तुमच्या डेटाचा बरोबर 5 टक्के. sklearn मधे प्रत्येक झाड 256 ओळींवर बनतं, त्यात लीकच्या साधारण 13 ओळी येतात आणि त्या एकमेकींना चिकटून असतात. एकीला वेगळं पाडायला गेलं की बाकीच्या तिच्या शेजारी उभ्याच, त्यामुळे काप जास्त लागतात आणि ती नॉर्मल वाटते. याउलट 46 डिग्रीची दुपार डेटाच्या अगदी कडेला आणि संख्येनं थोडी, एकदोन कापात एकटी पडते. मॉडेल चुकलं नाही, त्यानं जे विरळ आहे ते दाखवलं. नागपुरात मे मधे 46 होणं विरळ असेल, बिघाड थोडाच आहे.

आणि SMOTE काय करणार इथे? ते दोन ओळींच्या मधे खोट्या ओळी भरतं. तुमच्याकडे ओळी 2592 असल्या तरी घटना एकच आहे, पुढचा लीक वेगळ्या व्हॉल्व्हवर वेगळ्या वेगानं झाला तर या एकाच्या नकला करून काही हाती लागत नाही.

सांख्यिकीवाले_काका: म्हणजे मालकच बरोबर. मी बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय, कंट्रोल चार्ट लावा, 3 सिग्मा पुरे. जंगलं कशाला उभी करता.

धरमपेठकर: काका, चार्टवर माझा राग नाही, पण सरळ करंटवर लावाल तर फसाल. कॉम्प्रेसर कधी चालू कधी बंद. समजा 60 टक्के वेळ 40 अँपिअर, बाकी वेळ 0. सरासरी येते 24, सिग्मा साडेएकोणीसच्या वर, म्हणजे वरची रेघ जवळपास 83 अँपिअरला. मोटर 60 अँपिअर घेऊन जळायला आली तरी तुमचा चार्ट गप्प. बरं मग मीडियन आणि एमएडी, म्हणजे मीडियनपासूनच्या अंतरांचा मीडियन, घ्या म्हटलं तर उलटच, मीडियन 40, एमएडी अँपिअरभर, आणि कॉम्प्रेसर बंद झाला की दर वेळी अलार्म. पद्धत कोणती हे नंतर बघू, मोजायचं काय तेच चुकतंय.

बुटीबोरी_मेंटेनन्स: हेच लिहायला आले होते. गॅस कमी झाला की करंट उलट थोडा कमीच दिसतो, सक्शन प्रेशर हळूहळू पडतं, कूलिंग कमी होतं म्हणून तीच 6 डिग्री टिकवायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. दर तासाला किती मिनिटं चालला ते मोजा, तेही रात्री 12 ते 6 मधलंच, तेव्हा दार बंद असतं. दिवसाचे आकडे गाडी लागली की बिघडतात.

हिंगण्याचा_राजू: आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला पण असंच होऊन राहिलंय, मीटर बसवलं तर रोज अलार्म, शेवटी वॉचमननं वायरच काढून टाकली. कोल्ड स्टोरेजला पण असा वॉचमन असल ना?

धरमपेठकर: राजू, विषय वेगळा वाटतो पण वायर काढणं हेच खरं अपयश आहे. 518 अलार्म म्हणजे दिवसाला तीनच्या आसपास, आठवड्याभरात माणूस बघणं सोडतो. म्हणून आठवड्यात आपण किती अलार्म खरंच तपासू शकतो ते आधी ठरवावं, समजा पाच, आणि वरचे तेवढेच घ्यावेत. प्रत्येकासमोर मेकॅनिकनं खरं की खोटं लिहिलं की लेबलं तिथूनच जमा होतात.

बुटीबोरीच्या ताईंनी सांगितलेला रात्रीच्या मिनिटांचा आकडा घ्या, फक्त बाहेरच्या तापमानाचे पट्टे पाडून, 24 ते 26, 26 ते 28 असे. प्रत्येक पट्ट्यातला मीडियन आणि एमएडी लीकच्या आधीच्या रात्रींवरून काढा, नाहीतर लीक स्वतःच मीडियनला वर ओढेल.

कळमना_कोल्ड: केलं. 26 ते 28 च्या पट्ट्यात मीडियन 25 मिनिटं, एमएडी 2. लीकच्या तिसऱ्या रात्री 31 मिनिटं, पाचव्या रात्री 36. मीडियनपासूनचा फरक एमएडीनं भागून 0.6745 नं गुणून स्कोअर काढला तर तिसऱ्या रात्री 2.0 आणि पाचव्या रात्री 3.7. रेघ 3.5 ची धरली तर नवव्याऐवजी पाचव्या दिवशी कळलं असतं. पण मार्चमधेही चार अलार्म आले, ते मृग बहाराचा गरम माल भरला त्या रात्रींचे आहेत.

सांख्यिकीवाले_काका: बघा! फॉरेस्ट काढून टाका. आणि क्युसम लावा, म्हणजे रोजचा फरक बेरजेत साठवणारा चार्ट, रोज थोडंथोडं वाढणारं ते लवकर पकडतं.

बुटीबोरी_मेंटेनन्स: क्युसम चांगलं आहे काका, पण मालाच्या रात्री त्यातही साठत जातील. आवक-जावक वहीतून किती टन आत गेलं तो आकडा जोडल्याशिवाय हे सुटणार नाही. आणि फॉरेस्ट काढू नका. मिनिटं जास्त आणि प्रेशरही कमी म्हणजे गॅस, मिनिटं जास्त पण प्रेशर ठीक म्हणजे माल किंवा दार. एकेक कॉलम वेगळा बघणाऱ्या चार्टला ही जोडी दिसत नाही.

धरमपेठकर: जोडी दोनच असेल तर स्कॅटर प्लॉटवर डोळ्यानंही दिसते ताई, त्याला 100 झाडं कशाला. मी फॉरेस्ट तेव्हा घेईन जेव्हा असे पाचसहा आकडे असतील: रात्रीची मिनिटं, चालू असतानाचं प्रेशर, दर तासाला किती वेळा स्टार्ट झालं वगैरे, सगळे हवामान वजा करून. कच्च्या रीडिंगवर नाही.

बुटीबोरी_मेंटेनन्स: माझ्याकडे नऊ कॉम्प्रेसर आहेत, नऊ प्लॉट रोज कोण बघणार? चला, हे पटणार नाही आपलं.

डेटावाला_पोट्टा: एक विचारू का, 3.5 ची रेघ लीक बघूनच ठरवली ना मग तो पाचव्या दिवशी सापडला यात काय विशेष?

धरमपेठकर: बरोबर पकडलंस. 3.5 ही आधीपासून रूढ असलेली रेघ आहे, ती लीक बघून नाही ठरवली, पण रात्री 12 ते 6 आणि 2 डिग्रीचे पट्टे आपण लीक माहीत असताना निवडले. एकाच घटनेवर ठरवणं आणि त्याच घटनेवर तपासणं म्हणजे तपासणी नाही. कळमनावाले, स्वच्छ रात्रींच्या डेटात स्वतः खोटा लीक घाला, रोज दीड मिनिट वाढवत, वेगवेगळ्या तारखांपासून, आणि किती रात्रींनी सापडतो ते बघा. प्रेशरही त्याच प्रमाणात खाली आणायला लागेल, नुसती मिनिटं वाढवून चालणार नाही.

कळमना_कोल्ड: प्रेशर किती खाली आणायचं ते मेकॅनिकला विचारून सांगतो. ऑगस्टचा डेटा पण आलाय, त्याला अजून हात लावला नाही.

बुटीबोरी_मेंटेनन्स: लावू नका. आधी सगळ्या रेघा लिहून ठेवा, मग उघडा.