पाहुण्यांचा अभिप्राय छोटा करायचाय, पण त्यांचं म्हणणं बदलायला नको. कसं करू?

सत्तरीची_सून: वाळपईजवळ आमचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे. हँडबिल छापतोय, त्यात एका कुटुंबाचा अभिप्राय घालायचाय, जागा फक्त तीस शब्दांची. त्यांनी व्हॉट्सॅपवर पाठवलेलं जसंच्या तसं:

"आम्ही मे मध्ये चार दिवस राहिलो, पयल्या रात्री लाईट गेली नि इन्व्हर्टर दोन तासांत बसला, पोरं घामाघूम, पण सकाळी वैनींनी न सांगता वरची हवेशीर खोली दिली, मग काय तक्रार नाही. खतखत्यातलं तिरफळ पोरांनी बाजूला काढलं, आम्ही दोनदा वाढून घेतलं. समुद्र बघायचा असेल तर इथे येऊ नका, दीड तास गाडी. शांतता पाहिजे तर या."

भाच्याने केलं ते हे: "काय तक्रार नाही! खतखतं दोनदा वाढून घेतलं. शांतता पाहिजे तर इथे या." शब्द सगळे त्यांचेच आहेत, तरी मला कसंतरीच वाटतंय.

केपेचा_काजूवाला: गुगलवरचा अभिप्राय आपल्याला बदलता येत नाही हो ताई, मी लय प्रयत्न केला, एकाने काजू खवट म्हणून एक स्टार दिलाय, तो अजून तसाच आहे.

सत्तरीची_सून: गुगलचं नाही दादा, छापायचं आहे.

फोंडेकार: सोप्पंय, जिथे जिथे कापलं तिथे तीन टिंबं टाका, मग कोणी बोट दाखवू शकत नाही.

जुना_उपसंपादक: टिंबांनी एवढंच कळतं की काहीतरी गाळलंय, काय गाळलं ते कळत नाही. भाच्याच्या मजकुरात टिंबं घातली तरी तो खोटाच राहणार. मूळ वाक्यात "मग काय तक्रार नाही" आहे, म्हणजे खोली बदलल्यावर तक्रार नाही. "मग" उडवला की चारही दिवस सगळं छान होतं असं झालं. आणि ते उद्गारचिन्ह त्यांनी दिलेलंच नाही. शेवटच्या वाक्यातला "इथे" सुद्धा समुद्राच्या वाक्यातून उचललाय, लहान गोष्ट आहे पण सवय वाईट.

मी पेपरात वाचकांची पत्रं कापायचो तेव्हा आधी पण, तर, मग, फक्त असल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायचो. त्या शब्दाला हात लावायचा तर त्याच्या दोन्ही बाजू ठेवायच्या, नाहीतर तो विषयच अख्खा काढायचा. तुमच्यात जेवणाचा विषय अख्खा जाऊ शकतो, बाकी कशाला धक्का लागत नाही. मी असं कापीन:

"पयल्या रात्री लाईट गेली... पण सकाळी वैनींनी न सांगता वरची हवेशीर खोली दिली, मग काय तक्रार नाही... समुद्र बघायचा असेल तर इथे येऊ नका... शांतता पाहिजे तर या."

अठ्ठावीस शब्द. आता मूळ मेसेज न वाचलेल्या माणसाला हे द्या आणि विचारा, यांना त्रास काय झाला, आवडलं काय, आणि कोणी येऊ नये म्हणतात? उत्तरं मूळ मेसेजशी जुळली तर कापणी बरोबर.

फोंडेकार: पण पैसे देऊन छापलेल्या हँडबिलात "येऊ नका" कोण छापतं बाबा!

जुना_उपसंपादक: समुद्रासाठी आलेला माणूस वाळपईला पोचून चिडेल, त्यापेक्षा बरं ना. आणि हँडबिल म्हणजे जाहिरातच. फसव्या जाहिरातींबद्दल 2022 साली केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात अभिप्राय हे त्या माणसाचं खरं आणि बऱ्यापैकी ताजं मत असायला हवं असं आहे.

सत्तरीची_सून: ताजं म्हणालात म्हणून विचारते, इन्व्हर्टरची बॅटरी आम्ही जूनमध्ये नवीन घातली. मग लाईटचं काढू का?

जुना_उपसंपादक: काढलं तर खोली का दिली ते कळणार नाही. तसंच ठेवा, खाली तुमच्या नावाने वेगळी ओळ टाका, बॅटरी बदलली म्हणून. त्यांच्या अवतरणात घुसवू नका. आणि छापायच्या आधी मूळ नि कापलेलं दोन्ही पाठवून "तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना?" असं विचारा. नुसतं "ओके ना?" विचारलं की लोक न वाचता अंगठा पाठवतात.

डिचोलीची_मास्तरीण: "पयल्या" चं "पहिल्या" करणार का?

जुना_उपसंपादक: मी नाही करणार. टायपिंगची चूक असती तर सुधारली असती, ही त्यांची बोली आहे.

डिचोलीची_मास्तरीण: छापील कागदावर ते अडाणी दिसतं आणि हसं त्यांचं होतं, तुमचं नाही. मी तरी करीन.

सत्तरीची_सून: दोन्ही पाठवलं. त्या ताई म्हणतात "पयल्या" राहू दे, पण लाईटचं काढा, तक्रारखोर वाटतं, त्यापेक्षा तिरफळाचं घाला. आता?

फोंडेकार: मिटलं की मग, त्यांनीच सांगितलं!

जुना_उपसंपादक: तुम्ही काढू नका, त्यांनाच नवीन दोन ओळी लिहून पाठवायला सांगा, आणि जुना मेसेज डिलीट करू नका. पण लाईटचं वाक्य काढलं तर "मग काय तक्रार नाही" पण जायला हवं, ते त्यांनी ठेवलं तर मी जरा अडखळेन.

डिचोलीची_मास्तरीण: त्यांचं वाक्य, त्यांनी ठेवलं, तर तुम्ही कोण अडखळणार?