मदत हवी आहे: भावाचं एचडीएल थेट १६ वर, दोष प्रोटीनचा की गोळ्यांचा?

माझा धाकटा भाऊ, वय २७, नियमित जिमला जातो. गेल्या वर्षी त्याचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४४ आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०८ होतं. आता एचडीएल १६, एलडीएल १७१. ट्रायग्लिसराइड्स मात्र ९२, म्हणजे नॉर्मल. घरच्यांनी लगेच व्हे प्रोटीन आणि अंड्यांवर खापर फोडलं. खोदून विचारल्यावर कळलं की तो स्टॅनोझोलॉल या स्टिरॉइडच्या गोळ्या घेतोय, जोडीला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन.

मी वाचलंय ते असं: या गोळ्या यकृतातलं हिपॅटिक लायपेज नावाचं एन्झाइम वाढवतात आणि ते एचडीएलचे कण झपाट्याने मोडतं. इंजेक्शनातल्या टेस्टोस्टेरॉनचा हा परिणाम त्यामानाने बराच सौम्य असतो. अंडी खाऊन एलडीएल थोडं वाढेलही, पण एचडीएल एवढं कोसळणार नाही. ट्रायग्लिसराइड्स नॉर्मल असल्याने माझा संशय गोळ्यांवरच आहे. तो म्हणतो, "फिश ऑइल घेतोय ना!" त्याने हे भरून निघेल असं मला तरी वाटत नाही.

गोळ्या बंद करायला तो तयार आहे. एचडीएल पूर्ववत व्हायला काही आठवडे ते महिने लागतात म्हणे, मग पुन्हा तपासणी कधी करावी? इंजेक्शन एकदम थांबवलं तर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तळाला जातं, तेव्हा आधी एंडोक्रायनॉलॉजिस्ट गाठावा की हृदयरोगतज्ज्ञ? हिमॅटोक्रिट, रक्तदाब आणि इको आत्ताच करून घ्यावं का? अनुभवी डॉक्टर किंवा यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.