मदत हवी आहे: ही नळी ब्रॉंकस की ब्रॉंकिओल?

परवा हिस्टॉलॉजीचं स्पॉटिंग आहे आणि मी एकाच स्लाइडवर अडकलोय. ट्रेकिया सी-आकाराच्या कार्टिलेजवरून कळते, अल्विओलाय चपट्या पेशींवरून. घोळ मधल्या नळ्यांचा.

या नळीचं अस्तर चांदणीसारखं घड्या पडलेलं, भोवती स्नायूंचं कडं, कार्टिलेज कुठेच नाही. मी ब्रॉंकिओल लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "ब्रॉंकसमध्ये कार्टिलेजचे सुटे तुकडे असतात. काप नेमका दोन तुकड्यांमधून गेला असेल तर?" परत पाहिलं तर स्नायूंच्या बाहेर ग्रंथींचा छोटा झुबका सापडला. ब्रॉंकिओलमध्ये ग्रंथी नसतात, म्हणजे हा ब्रॉंकसच ना?

शिवाय टर्मिनल ब्रॉंकिओलमध्ये गॉब्लेट पेशी जाऊन घुमटासारख्या क्लब पेशी दिसायला हव्यात. साध्या एच अँड ई रंगात त्या सिलियावाल्या पेशींमधून तुम्ही कशा हुडकता? मला तर सगळ्या सारख्याच दिसतात.